मदत हवी आहे: रात्रपाळीत पाऊच मशीन वारंवार थांबते, लॉगशीटवरून कारण कसे शोधावे?

निशाचर_रबाळे

नमस्कार. रबाळे एमआयडीसीतील एका मसाल्याच्या कारखान्यात मी रात्रपाळीचा सुपरवायझर आहे. पाळी रात्री ११ ते सकाळी ७ अशी असते. आमच्या लाइन १ वरचे पाऊच मशीन चालता चालता थांबते, स्क्रीनवर `LOW AIR PRESSURE` असे येते आणि दोन-तीन मिनिटांनी रीसेट केले की काही झालेच नव्हते अशा थाटात पुन्हा चालू होते. कंप्रेसर रूमकडे धावत जाऊन पाहिले तर गेजचा काटा ६.८ बारवर स्थिर असतो. मेंटेनन्सने प्रेशर स्विच बदलला आणि हवेचा फिल्टर साफ केला, पण फरक पडलेला नाही.

कामगारांचे तीन गट दर आठवड्याला पाळी बदलतात, मी मात्र कायम रात्रीच असतो. गेल्या चार आठवड्यांत ब, अ, क आणि पुन्हा ब अशा क्रमाने गट आले. त्या २४ रात्रींच्या लॉगशीटमध्ये असे १९ थांबे आहेत आणि त्यांपैकी १७ ब गटाच्या दोन आठवड्यांतले आहेत. वेळेचा मेळ लागत नाही. कधी १:१०, कधी ३:४०, तर कधी पहाटेचे ५.

व्यवस्थापकांच्या मते ब गटाचा ऑपरेटर डुलकी घेण्यासाठी स्वतःच मशीन थांबवतो. त्याच्या नावाचा मेमो टाइप होऊन टेबलावर पडला आहे. मी शनिवारपर्यंतची मुदत मागून घेतली आहे. त्या ऑपरेटरला मी ओळखतो आणि तो झोपणाऱ्यांतला नाही, पण हे कागदावर कसे दाखवायचे ते मला कळत नाही.

वागळे_इस्टेट

आमच्याकडे हुबेहूब हाच प्रकार होता. रात्री आजूबाजूचे कारखाने बंद झाले की व्होल्टेज चढायचे आणि ड्राइव्ह ट्रिप व्हायचा. स्टॅबिलायझर बसवल्यापासून त्रास नाही. तुम्हीही आधी व्होल्टेजच्या नोंदी घ्याव्यात.

निशाचर_रबाळे

आभारी आहे, पण आमचा ड्राइव्ह ट्रिप होत नाही. थांबण्याचा हुकूम हवेच्या प्रेशर स्विचकडूनच येतो. दाब ४.५ बारच्या खाली गेला तर पाऊचचे सील कच्चे राहील, म्हणून तो मशीन थांबवतो.

सुलभा_घणसोली

मग गळती आहे हे उघड आहे. सुट्टीच्या दिवशी सगळ्या मशीन बंद ठेवून नुसता कंप्रेसर चालवा आणि तो किती वेळा लोड घेतो ते मोजा. आमच्या युनिटमध्ये सांध्यांना साबणाचे पाणी लावल्यावर अकरा ठिकाणी बुडबुडे आले होते. रात्री तुमचा एखादा कंप्रेसर बंद ठेवतात का?

निशाचर_रबाळे

हो. लाइन ३ रात्री बंद असते, म्हणून मोठा कंप्रेसर बंद ठेवून ३० एचपीचा एकच चालवतात.

जुना_फिटर

सुलभाताईंचा कंप्रेसरचा प्रश्न योग्य आहे आणि गळतीही थोडीफार असेलच. परंतु गळतीला कोणत्या गटाची पाळी आहे हे कळत नाही. ती अ गटाच्या आठवड्यातही तेवढीच असणार. इथे कोणीतरी थोड्या वेळासाठी खूप हवा ओढते आहे आणि तुम्ही कंप्रेसर रूमपर्यंत पोहोचेपर्यंत दाब भरून येतो. शिवाय तो गेज टाकीजवळचा आहे. तुमचे मशीन पाइपाच्या टोकाला असेल, तर तिथला दाब वेगळा असणार.

मला दोन गोष्टी सांगा. लॉगशीटमध्ये तुम्ही लिहिता ती वेळ मशीन थांबल्याची असते की पुन्हा चालू झाल्याची? आणि लाइन १ च्या फाट्यावरून आणखी कोणाला हवा जाते?

निशाचर_रबाळे

पहिल्याच प्रश्नाने मला खजील केले. आम्ही मशीन चालू करून, हात पुसून, मग लिहितो. त्यामुळे वेळ चालू झाल्याची असते आणि तीही पाच-दहा मिनिटांच्या अंदाजाने. फाट्यावर लाइन २ आहे. एक इंची पाइप आधी तिच्याकडे जातो आणि मग आमच्याकडे येतो.

जुना_फिटर

मग स्क्रीनवरच्या अलार्म हिस्टरीतून प्रत्येक थांब्याचे नेमके मिनिट उतरवून घ्या. त्याच्या शेजारी लाइन २ चे शीट ठेवा आणि प्रत्येक थांब्याआधीच्या पाच मिनिटांत तिकडे काय चालले होते तेवढेच पाहा. घड्याळाशी मेळ बसत नसेल तर कामाशी बसतो का ते बघायचे.

निशाचर_रबाळे (तीन दिवसांनी)

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, क्षमस्व. काल पहाटे कॅन्टीनच्या टेबलावर दोन्ही शीट शेजारी ठेवून बसलो होतो. ब गटाच्या १७ थांब्यांपैकी १५ थांबे लाइन २ वर एक मसाला संपून दुसरा सुरू होण्याच्या मधल्या साफसफाईत पडले आहेत. बॅच रोज वेगळ्या वेळी संपते, म्हणून थांब्याची वेळही रोज सरकत होती. एका ओळीपुरते सांगतो: माझ्या शीटवर ३:४०, अलार्ममध्ये ३:३४ आणि लाइन २ च्या शीटवर "मिरची संपली, साफसफाई ३:३० ते ३:५०".

ज्याच्या नावाचा मेमो आहे त्या ऑपरेटरला हे दाखवले, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, मशीन थांबायच्या जरा आधी मला ठसका लागतो, हे मी दोनदा सांगितलं होतं." त्याने खरोखरच सांगितले होते. मी त्याला मास्क लावायला सांगून पुढे गेलो होतो.

अ आणि क गट ब्रश आणि व्हॅक्यूम वापरतात. ब गट हवेच्या नळीने झाडतो आणि त्या नळीला नोझलच नाही, उघडे तोंड आहे. काल अ गटाच्या पाळीत, लाइन २ रिकामी असताना, मी स्वतः ती नळी पूर्ण उघडली. लाइन १ जवळ तात्पुरता गेज लावला होता. काटा ५.८ वरून ४.४ वर आला आणि मिनिटभराच्या आत मशीन थांबले. त्याच वेळी कंप्रेसर रूममध्ये उभ्या केलेल्या मुलाने फोनवर ६.३ सांगितले.

जुना_फिटर

६ मिलिमीटरचे उघडे तोंड या दाबाला साधारण ६० सीएफएम हवा खाते. ३० एचपीचा कंप्रेसर मोठ्या मुश्किलीने १२० देतो, म्हणजे निम्मी हवा त्या नळीतून गेली. वर एक इंची फाट्यात दाब पडतो तो वेगळा. मिरचीची पूड उघड्या नळीने उडवणे डोळ्यांच्या दृष्टीनेही धोक्याचे आहे, ते आधी बंद करा. लाइन १ जवळ नॉनरिटर्न व्हॉल्व्ह लावून छोटी टाकी बसवली तर अशा झटक्यात ती मशीनला सांभाळून घेईल.

सुलभा_घणसोली

मोठा कंप्रेसर रात्रीही चालू ठेवला तर हे सगळे करावेच लागणार नाही. आणि उरलेल्या चार थांब्यांचे काय? ती गळतीच असणार.

जुना_फिटर

एका नळीसाठी रात्रभर मोठा कंप्रेसर चालवायचा, तर बिल कोण भरणार? त्या चार थांब्यांबद्दल मात्र मला आत्ता काही सांगता येणार नाही. ड्रायरचा ऑटो ड्रेन उघडा राहतो का, ते एकदा पाहावे.

निशाचर_रबाळे

ड्रेन पाहतो. ते चार थांबे मी वेगळ्या शाईने लिहून ठेवले आहेत.

आता नवीनच अडचण उभी राहिली आहे. आज सकाळी व्यवस्थापकांना दोन्ही शीट दाखवली. त्यांनी नीट पाहिली आणि म्हणाले, "म्हणजे चूक ब गटाचीच निघाली ना?" आता त्याच मेमोवर नाव बदलून लाइन २ च्या ऑपरेटरचे घालायचे आहे. तो म्हणतो की नोझल तुटले तेव्हाच त्याने स्टोअरला मागणी दिली होती आणि त्याच्या गटाला व्हॅक्यूमची चावी मिळत नाही, कारण ती दिवसपाळीच्या कपाटात असते.

मागणीची प्रत त्याच्याकडे नाही. स्टोअरचे रजिस्टर सकाळी ९ वाजता उघडते आणि माझी पाळी ७ ला संपते. उद्या मी थांबणार आहे. त्या रजिस्टरमध्ये नेमके काय शोधावे, हे स्टोअरचा अनुभव असलेल्या कोणी सांगितले तर बरे होईल.

वागळे_इस्टेट

मागणी क्रमांक बहुधा तारखेनुसारच लागतात. नोझल ज्या आठवड्यात तुटले, त्याच्या पुढचे दोन आठवडे पाहा आणि "प्रलंबित" शेरा असलेल्या ओळींचा फोटो काढून ठेवा. व्होल्टेजचेही एकदा बघाच.