स्कोपबाहेरच्या कामाला मेलवर ‘वेगळे पैसे लागतील’ म्हणायचं की गुपचूप करून द्यायचं?

उनाडकोडर:
बुकिंगची वेबसाइट करतोय, एकटाच, फिक्स रकमेवर. १६० तास धरलेले, आठ आठवडे, आता सहावा चालू. काल क्लायंट मॅडमचा मेल आला की लाँचच्या आधी तीन छोट्या गोष्टी टाकून द्या. बुकिंगच्या आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर रिमाइंडर, ॲडमिनला बुकिंगची एक्सेल फाइल, आणि साइट अजून एका भाषेत. मी ड्राफ्ट केलाय: ‘या तिन्ही गोष्टी स्कोपमध्ये नाहीत, कृपया स्कोप डॉक्युमेंट पाहावे, यासाठी वेगळे पैसे लागतील.’ पाठवू का? मित्र म्हणतो उद्धट वाटतंय, करून टाक, पुढचं काम मिळेल. मला दोन्ही पटत नाहीये.

सहीनंतरबोलू:
पाठव बिनधास्त. सही झालेली आहे ना, मग विषय संपला. त्यात ‘कृपया’ पण कशाला. बोट दिलं की हात धरतात लोक, आज एक्सेल, उद्या पीडीएफ, परवा म्हणतील ॲप पण करून द्या. आणि एक ट्रिक सांगतो, मेलच्या शेवटी लिही की शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही तर तुम्हाला जादा रक्कम मान्य आहे असं धरून काम सुरू करेन. उत्तर लगेच येतं बघ.

नऊतेसहा:
अगदी बरोबर, मी पण हेच भोगतोय. आमच्याकडे रोज सहा वाजता मॅनेजर येऊन अजून एक फीचर टाक म्हणतो, ओव्हरटाइम नाही, काही नाही. एचआरला मेल करावा का मी पण?

उनाडकोडर:
दादा तुमचं नोकरीचं आहे, माझं कंत्राटी काम आहे. मला मॅनेजरच नाहीये, तेच तर दुःख.

दोनओळीकमी:
थांब, पाठवू नकोस अजून. आधी सांग, स्कोपमध्ये ॲडमिन पॅनेलबद्दल नेमकं काय लिहिलंय? शब्द न् शब्द टाक इथे.

उनाडकोडर:
‘ॲडमिनला सर्व बुकिंगचा तारखेनुसार रिपोर्ट मिळेल.’ एवढंच. मी स्क्रीनवर टेबल करून दिलंय.

दोनओळीकमी:
मला वाटलंच होतं. ‘मिळेल’ लिहिलंयस, ‘दिसेल’ नाही. आता मॅडमच्या जागी बसून वाच. रिपोर्ट मिळेल म्हणजे फाइल मिळेल असंच कोणालाही वाटणार. कागद तू लिहिलास, मग त्यातल्या मोघम शब्दाचा तोटाही तूच सोसायचा. टेबल तयार आहे, त्यावरून फाइल काढायला तीन तास लागतील फार तर. तुझ्या मेलचा खरा घोटाळा तो उद्धट आहे हा नाहीये, तिन्ही मागण्या तू एकाच पोत्यात भरल्यात हा आहे. एक तुझ्याच कागदातून निघते, दुसरी सरळसरळ नवीन आहे, आणि तिसरी इतकी मोठी आहे की ती किती मोठी हेच अजून माहीत नाही. ‘तिन्ही स्कोपमध्ये नाहीत’ म्हणालास की मॅडम एक्सेलवरच पकडणार, आणि मग खऱ्या नव्या कामाचे पैसे मागायला तुझं तोंड राहणार नाही.

ताकफुंक्या:
हे एक्सेल फुकट वगैरे प्रकरण मला नाही पटत. मी असंच तीन तासांचं म्हणून करून दिलं होतं एकदा. मग फाइलमध्ये कॉलम वाढवा, मग तारखेचा फॉरमॅट बदला, मग दर सोमवारी मेलवर आपोआप आली पाहिजे, करता करता मोजले तर १९ तास झालेले. आणि पैसे मागितले तेव्हा उत्तर काय, ‘आधी तर असेच करत होता की’. तेव्हापासून मी तीन मिनिटांचं पण फुकट करत नाही.

दोनओळीकमी:
तुम्ही फुकट दिलं हे चुकलं नाही, न लिहिता दिलं ते चुकलं. मी असल्या वेळी शून्य रकमेची चेंज रिक्वेस्ट लिहितो. काय देणार, कुठले कॉलम असणार, तास तीन, रक्कम शून्य, आणि समोरून होकार. चौथा कॉलम मागितला की दुसरी रिक्वेस्ट, तिच्यावर मात्र आकडा असतो.

सहीनंतरबोलू:
शून्य रुपयांचा कागद 😂 क्लायंट म्हणेल हा माणूस उपकार मोजतोय.

मागणारीबाजू:
मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे असली कामं करून घेणारी. शून्याचा कागद मला आला तर मला तरी राग येणार नाही, उलट कळेल की याच्याकडे हिशोब आहे. राग कशाचा येतो सांगू का, ‘स्कोप डॉक्युमेंट पाहावे’ याचा. मी मागितलं कारण मला गरज दिसली, मला खरंच माहीत नसतं यात तीन तास जातात की तीस. मला नुसता नकार आला की मी भांडते, आणि नुसता आकडा आला तरी भांडते, कारण आकड्यावरून मला काहीच ठरवता येत नाही. लाँच किती लांबणार ते सांगा, आत्ता न करता नंतर केलं तर काय बिघडतं ते सांगा, मग मी पाच मिनिटांत सांगते. आणि ते सहीनंतरबोलू यांचं ‘उत्तर नाही म्हणजे मान्य’, असला मेल मला आला तर मी त्या माणसाला परत काम देणार नाही.

दोनओळीकमी:
सहीनंतरबोलू, तुमचं अर्धं बरोबर आहे. मेलमध्ये तारीख हवीच, नाहीतर मागणी लोंबकळत राहते आणि दोन आठवड्यांनी ‘ते रिमाइंडरचं झालं ना’ असा फोन येतो. पण गप्प बसण्याचा अर्थ उलटा लावायचा. उत्तर आलं नाही म्हणजे जादा काम होणार नाही, मूळ यादीच चालू राहील. असं लिहिलं की गप्प बसण्याने कोणावर काही लादलं जात नाही. मेल सुट्टीत गेला, वाचलाच नाही, तरी बिलावरून भांडण होत नाही.

उनाडकोडर, रिमाइंडरचे तास काढलेस का?

उनाडकोडर:
दहा तास धरले होते. मेसेज पाठवणं म्हणजे एक एपीआय कॉल तर आहे.

दोनओळीकमी:
तो कॉल अर्ध्या तासाचा आहे रे, बाकीचं काम बघ. व्हॉट्सॲपवर बिझनेसकडून आपणहून मेसेज पाठवायचा तर टेम्प्लेट आधी मंजूर करून घ्यावं लागतं आणि समोरच्याची संमतीही लागते, म्हणजे बुकिंगच्या फॉर्मवर एक टिक आली आणि ती साठवायची जागाही आली. खातं, टेम्प्लेट आणि टिक मिळून सात तास. रोज ठरल्या वेळी उद्याची बुकिंग शोधून मेसेज रांगेत टाकणारा जॉब, आणि एखादा गेला नाही तर परत पाठवायचं पण दोनदा जाऊ द्यायचं नाही, याला सात. मग जे सगळे विसरतात ते, बुकिंग रद्द झालं किंवा वेळ बदलली तर जुना रिमाइंडर थांबला पाहिजे, पाच तास. टेस्टिंग सहा. झाले २५. तू दहा म्हणून पाठवलं असतंस तर पंधरा तास पदरचे घातले असतेस आणि वर लाँच पण हुकवलं असतंस. आठवड्याला वीस तास देतोयस, म्हणजे हे सव्वा आठवडा खाणार, त्यात टेम्प्लेटची मंजुरी आपल्या हातात नाही, म्हणून दहा दिवस सांग.

मी असं लिहिलं असतं:

> नमस्कार मॅडम,
>
> तिन्ही सूचना वाचल्या.
>
> एक्सेल फाइल: आपल्या यादीत ‘रिपोर्ट मिळेल’ असं आहे, त्यातच ही धरतो. स्क्रीनवर दिसतात तेच कॉलम फाइलमध्ये येतील. जादा खर्च नाही, याच लाँचला मिळेल.
>
> व्हॉट्सॲप रिमाइंडर: हे मूळ यादीत आणि ठरलेल्या रकमेत धरलेलं नव्हतं, त्यामुळे त्या रकमेत मला ते करता येणार नाही. वेगळी चेंज रिक्वेस्ट म्हणून नक्की करून देईन. २५ तास, आपल्या ठरलेल्या दरानेच, तपशील सोबत जोडलाय. आत्ता घेतलं तर लाँच साधारण दहा दिवस पुढे जाईल. लाँचनंतर घेतलं तर तारीख हलत नाही, साइट रिमाइंडरशिवायही पूर्ण चालते. मेसेजचे पैसे मेसेज सेवेकडून तुम्हाला वेगळे लागतील, ते यात नाहीत.
>
> दुसरी भाषा: भाषांतर कोण देणार आणि कोणती पानं घ्यायची हे ठरल्याशिवाय आकडा सांगणं चुकीचं होईल. लाँचनंतर अर्धा तास बसून ठरवू.
>
> रिमाइंडर आत्ता की नंतर, एवढं शुक्रवारपर्यंत मेलवर कळवाल का? तोपर्यंत आणि उत्तर नसेल तर त्यानंतरही मी मूळ यादीप्रमाणेच काम चालू ठेवतो, लाँच ठरलेल्या तारखेला होईल.

ताकफुंक्या:
मेल चांगला आहे पण तासांचा तपशील जोडायला माझा विरोध. एकदा फोड दाखवली की भाजी निवडल्यासारखं निवडतात. ‘टेस्टिंग सहा तास कशाला, तुम्ही नीट लिहाल ना, मग टेस्टिंग काढून टाका.’ एकच आकडा द्यावा, घ्यायचं तर घ्या.

मागणारीबाजू:
आणि एकच आकडा दिलात तर मी म्हणते २५ कशाला, १५ मध्ये करा. घासाघीस दोन्हीकडे होणारच. फोड असली तर निदान मी म्हणू शकते की वेळ बदलायची सोय नको, फक्त रद्द झालं तर थांबवा, म्हणजे खरंच काम कमी होतं.

दोनओळीकमी:
इथे माझं काही ठाम मत नाही. मी फोड देतो पण टेस्टिंग वेगळं दाखवत नाही, प्रत्येक भागात मुरवून टाकतो. ही लपवाछपवी आहे असं कोणी म्हटलं तर त्यालाही थोडं बरोबर म्हणेन.

सहीनंतरबोलू:
एवढा मोठा मेल वाचणार कोण पण. आणि ‘करता येणार नाही’ हे मधेच कुठेतरी दडलंय. ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं. पहिल्याच ओळीत पैशाचं बोला की.

दोनओळीकमी:
दडलेलं नाहीये, रिमाइंडरच्या पहिल्याच वाक्यात आहे. हां, पण लांबीबद्दल मान्य. मॅडम फोनवरच्या माणूस असतील तर आधी दोन मिनिटं बोलून घे आणि मग हाच मेल पाठव. मेल मात्र पाठवच, फोनवरचं ‘हो हो करू’ महिन्याने कोणालाच आठवत नाही.

उनाडकोडर:
अपडेट. फोन करायची हिंमत झाली नाही, सरळ मेलच टाकला, भाषेचा पॅरा थोडा छोटा केला. तासाभरात उत्तर आलं, एक्सेलला थँक्यू, रिमाइंडर लाँचनंतर घेऊ, चेंज रिक्वेस्टवर सही करून पाठवते. आणि खाली एक ओळ, ‘या सहा तास टेस्टिंगचं काय ते जरा समजावून सांगाल का’. 

ताकफुंक्या:
😂😂 म्हटलं नव्हतं?

नऊतेसहा:
बाकी सगळं समजलं पण माझ्या एचआरच्या मेलचं कोणीच काही बोललं नाही.