शब्दचर्चा : ‘पेन पॉइंट’ला मराठीत काय म्हणावं?

रामबागेतली
एमबीएच्या एका विषयात ऑनलाइन जेवण मागवणाऱ्या ग्राहकाचा ‘कस्टमर जर्नी मॅप’ करायचाय, म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याला काय काय अनुभव आला त्याचा नकाशा. वर्गात सगळं इंग्रजीतच द्यायचं. पण माझ्या चार मुलाखतींपैकी तीन इथे इंदूरच्या रामबागेतल्या मराठी घरांत झाल्या, आणि सरांनी सांगितलंय की नकाशा ज्यांच्यावरून काढला त्यांना वाचून दाखवा, ‘असंच झालं होतं ना?’ विचारा. ग्राहकाचा सेवेशी जिथे जिथे संबंध येतो ते ‘टचपॉइंट’, आणि जिथे त्याला त्रास होतो ते ‘पेन पॉइंट’. शेजारच्या काकूंना हे शब्द कसे वाचून दाखवू?

आबा, लोकमान्यनगर
सोपं आहे. टचपॉइंट म्हणजे संपर्कबिंदू, पेन पॉइंट म्हणजे वेदनाबिंदू. प्रत्येक संपर्कबिंदूखाली त्याचा वेदनाबिंदू लिहीत जा, तक्ता आपोआप भरेल.

रामबागेतली
आबा, ‘वेदनाबिंदू’ करून बघितलं. “काकू, तुमचे वेदनाबिंदू कोणते?” म्हटल्यावर त्यांनी डावा गुडघा पुढे केला. नंतर पंधरा मिनिटं तेलाचीच चर्चा.

माणिकबागवाला
अरे भिया, एवढी भानगड कशाला? प्रवासाचा नकाशाच हवा ना? विजयनगरहून निघायचं, पलासिया, रिगल, मग रामबाग. संध्याकाळी राजवाड्याकडून आणायचं नाही, तिथे पोरगा अडकतोच.

रामबागेतली
दादा, तो डिलिव्हरीवाल्याचा रस्ता झाला. मला काकूंचा हवाय, आणि काकू तर घरातच होत्या.

पुण्यात गेलेला इंदुरी
माणिकबागवाले दादा चुकले, पण ‘प्रवास’ या शब्दानंच त्यांना चुकवलं. आपल्याकडे प्रवास म्हटलं की डबा, बॅग, गाडी आली. इथे म्हणायचंय ‘भूक लागल्यापासून ताट धुवेपर्यंत काय काय झालं’. मी हेच काम करतो, आणि मुलाखतीत ‘प्रवास’ म्हणतच नाही. “त्या संध्याकाळी काय काय झालं, पहिल्यापासून सांगा” एवढंच म्हणतो.

आबांचा ‘संपर्कबिंदू’ ठीक आहे, छापायलाही चालेल. पण प्रत्येकाखाली एक वेदना असलीच पाहिजे, असं काही नाही. तसे रकाने भरायला बसलात की मुलं दुखणी शोधून काढतात. ‘अ‍ॅपचा रंग भडक आहे’ असलं काहीतरी. काकूंकडे नेमकं काय झालं ते घड्याळासकट सांगा, मग शब्द बघू.

रामबागेतली
घ्या. काका-काकू दोघंच. दोन थाळ्या मागवल्या. ८:२१ ला पैसे भरले, अ‍ॅपनं ‘३५ मिनिटं’ दाखवलं. काकांची साखरेची गोळी जेवणाआधी अर्धा तास असते, ती काकूंनी ८:२५ ला दिली. ताटं मांडली. ८:५६ झाले तरी पडद्यावर ‘जेवण तयार होत आहे’. ९:११ ला ‘निघाले’. ९:१९ ला पोराचा फोन, कारण पिन मागच्या गल्लीत पडली होती. काकू म्हणाल्या “वडापाशी या”, त्याला वड सापडेना. ९:३१ ला पिशवी हातात, डाळ सांडलेली, पोळ्या गार. तक्रार केल्यावर दुसऱ्या दिवशी ५० रुपयांचं कूपन, तेही तीनशेच्या वरच्या ऑर्डरवर.

मी पेन पॉइंट ९:३१ ला दाखवलाय आणि काकूंना कधी बरं, कधी वाईट वाटलं ते दाखवणारी भावनेची रेघ तिथे सगळ्यात खाली नेलीय.

डबेवाली मावशी, सुदामानगर
कोणी आमचंही ऐका. मी दोन वर्षं अशा अ‍ॅपवर डबे दिले. आमचं दुखणं कमिशन. शिवाय पोरगा दारात उभा, स्वयंपाक तयार, आणि त्याला आधीचीच दुसरी ऑर्डर घ्यायचीय म्हणून आमची पिशवी तशीच पडलेली. शिव्या मात्र आम्हाला. हे लिही तुझ्या नकाशात.

पुण्यात गेलेला इंदुरी
मावशी, तुमचं खरं आहे, पण हा नकाशा काकूंचा. कमिशन काकूंना दिसत नाही. तुमचा नकाशा वेगळा काढावा लागेल, आणि त्यात ग्राहक कोण तर तुम्ही. पडून राहिलेली पिशवी मात्र इथे लागते, काकूंच्या ओळीत नाही, खाली, पडद्यामागच्या ओळीत. सेवांच्या मार्केटिंगवर लिहिणाऱ्या लिन शोस्टॅक यांनी १९८४ साली सेवेचा आराखडा मांडला तेव्हा ग्राहकाला दिसतं ते वर आणि दिसत नाही ते खाली ठेवून मधे रेघ ओढली होती. ती रेघ इथे ओढा.

आता रामबागेतली, तुझं ९:३१. काकू गार पोळ्यांबद्दल किती बोलल्या आणि गोळीबद्दल किती?

रामबागेतली
पोळ्यांचं एक वाक्य. “तव्यावर टाकल्या परत.” गोळीबद्दल बराच वेळ. ९ वाजता काकांना घाम फुटला म्हणून साखर-पाणी दिलं. दर मिनिटाला फोन बघत होत्या, “तेच अक्षर, तेच अक्षर.”

पुण्यात गेलेला इंदुरी
मग रेघेचा तळ ९:३१ ला नाही, ९ च्या आसपास आहे. ९:३१ ला उलट सुटल्यासारखं झालं असेल, विचारून बघ. आणि कारण त्याच्याही आधी, ८:२१ ला. ‘३५ मिनिटं’ या आकड्यावर विसंबून त्यांनी गोळी दिली. जिथे दुखतं, जिथे दिसतं आणि जिथून सुरू होतं, या तीन वेगळ्या जागा. ‘उशीर झाला’ एवढंच लिहिलंस तर सरांना वाटेल उपाय म्हणजे गाडी जोरात हाका. खरं तर ८:५० लाच ‘अजून अर्धा तास लागेल’ एवढं कळलं असतं तरी काकूंनी दूध-पोळी दिली असती.

आबा, लोकमान्यनगर
पण मग मुद्दा असा की ८:५६ ते ९:११ मधे कोणी भेटलंच नाही. ना माणूस, ना फोन. संपर्कच नाही तर वेदना कोणत्या बिंदूवर टांगायची?

पुण्यात गेलेला इंदुरी
मी दोन बिंदूंच्या मधल्या पट्टीत टांगतो. शांततेचा पट्टा.

रामबागेतली
माझी मैत्रीण म्हणते पडदा हाच संपर्क, काकू त्याच्याकडेच बघत होत्या. न हललेलं अक्षरसुद्धा त्यांना काहीतरी सांगतच होतं.

पुण्यात गेलेला इंदुरी
तिचंही चुकलं नाही. आमच्याकडेही यावर दोन तट आहेत. जे धरशील ते सगळ्या नकाशात एकसारखं धर, म्हणजे झालं.

आबा, लोकमान्यनगर
शब्दाचं राहिलंच. ‘वेदना’ मागे घेतो. ‘जाच’?

डबेवाली मावशी, सुदामानगर
जाच सासूचा असतो. मी म्हणेन ‘ठेच’. चालता चालता लागते, आणि कुठल्या दगडाची लागली ते आठवतं.

पुण्यात गेलेला इंदुरी
ठेच छान आहे, एक अडचण सोडून. ठेच क्षणात लागते. काकूंचं पस्तीस मिनिटं चाललेलं होतं. त्याला ‘जीव टांगणीला’ म्हणतात, पण ते रकान्याचं शीर्षक होणार नाही.

रामबागेतली
आज काकूंना दाखवून आले. टचपॉइंटला ‘गाठ पडली’ म्हटलं, लगेच कळलं. “ठेच कुठे लागली?” विचारलं तर म्हणाल्या, “ठेच नाही गं, वाट बघणं नडलं.” मी रकान्यावर ‘काय नडलं’ लिहून टाकलंय. ९:३१ ला खरंच रेघ वर जाते, “आला एकदाचा” म्हणाल्या. गुडघ्याला तेल मात्र आबांना विचारूनच लावायचं म्हणतायत, आबा, कोणतं सांगू?