मदत हवी आहे: पीएफच्या वार्षिक पासबुकात एक महिना गायब, एका महिन्याचा पगार अर्धा

मुलुंडकर_सविता
माझे मिस्टर लोअर परळच्या एका इमारतीत कंत्राटदाराकडून सुरक्षारक्षक आहेत. बेसिक आणि डीए मिळून १४,००० रुपये. पगारपत्रकात दर महिन्याला १,६८० रुपये पीएफ कापलेला दिसतो. २०२४-२५ चं पासबुक उतरवून घेतलं तर `Cont. for Due-Month 072024` ही ओळच नाही, आणि 102024 च्या ओळीत पगार १४,००० ऐवजी ७,००० आहे. जुलैची स्लिप घेऊन हे अकाउंटंटकडे गेले, तर तो म्हणाला जुलै भरलाय, हे बघा चलन. मग आमच्या पासबुकात का नाही? कुणाला विचारायचं?

गिरगाव_७१
कंपनीला १५,००० च्या मर्यादेपर्यंतच पीएफ भरायचं बंधन आहे, त्यामुळे पगार कमी दाखवतात. त्यात काही करता येत नाही. आणि एक महिना नेहमी पुढच्या वर्षात जातो, त्याची काळजी करू नका.

हिशेबनीस
ताई, मी बरीच वर्षं पगार आणि पीएफचं काम बघतोय. तुम्ही ज्या आकड्यावरून महिना ठरवताय तो पगाराचा महिना नाही. Due-Month म्हणजे पैसे भरायचा महिना. जूनच्या पगाराचा पीएफ १५ जुलैपर्यंत भरायचा असतो, म्हणून त्या ओळीत 072024 येतं. त्याच ओळीच्या सुरुवातीला Wage Month चा रकाना आहे, तिथे Jun-2024 असतं. म्हणजे तुमचा गायब महिना जून आहे आणि अर्धा महिना सप्टेंबर. अकाउंटंट जुलैबद्दल खरंच बोलला, पण तुमचा प्रश्न जुलैचा नव्हताच.

गिरगावकर, महिना पुढच्या वर्षात जातो हे तुमचं बरोबर, पण तो मार्च. मार्च २०२५ चा पीएफ एप्रिलमध्ये भरला जातो, म्हणून तो २०२५-२६ मध्ये दिसेल. मधला जून तसा जात नाही. आणि १५,००० ची मर्यादा इथे लागूच नाही, कारण १४,००० तिच्या आतच आहेत.

आता जून आणि सप्टेंबरच्या स्लिप काढा आणि कापलेली रक्कम बघा. १४,००० वर १२ टक्के म्हणजे १,६८०. कंपनीही तेवढेच भरते, त्यातले १,१६६ पेन्शनला आणि ५१४ पीएफला जातात. सप्टेंबरच्या ओळीत ८४०, २५७ आणि ५८३ असतील तर ७,००० चा हिशेब चोख आहे. मग प्रश्न एवढाच की पगार खरंच ७,००० होता का.

जूनसाठी ईपीएफओच्या साइटवर Establishment Search मध्ये कंपनीचं नाव टाका आणि View Payment Details उघडा. जूनची ओळच नसेल तर कुणाचाच भरणा झाला नाही. ओळ असेल तर त्यातल्या नावांच्या यादीत मिस्टरांचं नाव शोधा.

नेरुळची_प्राची
माझ्या पासबुकात पेन्शनचा रकाना कायम शून्य आहे! माझेही पैसे खाल्ले का? बेसिक २२,०००, पहिलीच नोकरी, २०२१ पासून.

हिशेबनीस
नाही. सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलात आणि तेव्हा बेसिक १५,००० च्या वर असेल, तर पेन्शन योजनेत नाव जात नाही. कंपनीचा वाटा सगळा पीएफच्या रकान्यात येतो. तो तिथे पूर्ण १२ टक्के आहे ना, तेवढं बघा.

मुलुंडकर_सविता
दोन्ही स्लिप मिळाल्या. सप्टेंबरला हे गणपतीसाठी गावी गेले होते. स्लिपवर हजेरी १५ दिवस आणि कापलेत ८४०. जूनच्या स्लिपवर मात्र पूर्ण १,६८० कापलेत. साइटवर जूनची ओळ आहे, यादीत बाकीच्या गार्डची नावं आहेत, यांचंच नाही.

हिशेबनीस
मग खरी चूक जूनचीच. तुमचे १,६८० आणि कंपनीचे १,६८०, एकूण ३,३६० खात्यात आलेले नाहीत. पेन्शनच्या सेवेतही तो महिना धरला जाणार नाही. कंत्राटदाराला लेखी अर्ज द्या, सोबत जूनची स्लिप आणि पासबुकाचं ते पान जोडा. अर्जात "Wage Month जून २०२४" असंच लिहा, Due-Month नको, नाहीतर पुन्हा जुलैचं चलन दाखवतील. ईसीआर म्हणजे कंपनी दर महिन्याला पीएफ भरताना देते ती नावांची आणि रकमांची यादी; त्यांना मिस्टरांच्या नावाचा जूनचा पुरवणी ईसीआर भरता येतो. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. टाळाटाळ झाली तर `epfigms.gov.in` वर यूएएन टाकून तक्रार करा. मेंबर आयडी MHBAN ने सुरू होत असेल तर ती वांद्र्याच्या कार्यालयाकडे जाईल. ज्या कंपनीच्या इमारतीत ड्युटी आहे तिलाही प्रत द्या, कंत्राटदाराने पीएफ बुडवला तर जबाबदारी तिच्यावर येते.

गिरगाव_७१
मर्यादेबद्दल कळलं. पण सप्टेंबरच्या १५ दिवसांत भरपगारी रजा एकही नव्हती का?

मुलुंडकर_सविता
हे म्हणतात पाच दिवसांची रजा मंजूर होती, पण कागद हातात नाही.

हिशेबनीस
मग ते आधी कंत्राटदाराशी पगाराचं भांडण आहे. जेवढा पगार दिला तेवढ्यावर पीएफ बरोबर भरलाय. रजेचा पगार मिळाला तर त्याच्या फरकावर पीएफही मागता येईल. जूनच्या अर्जात ते मिसळू नका.