मदत हवी आहे: ट्रान्सफॉर्मरचा फुल लोड करंट चुकतोय, कुठे ते सांगा

नवशिका_इलेक्ट्रिशियन: प्रायमरी ९.०९ आणि सेकंडरी ४६२ अँपिअर आलाय, सर म्हणतात दोन्ही चूक. तीनदा केलं तेच येतंय. उद्या सकाळी दाखवायचंय, प्लीज लवकर सांगा.

सचिन_पॅनेलवाला: अरे पण केव्हीए किती, व्होल्टेज किती? आकडेच दिले नाहीस तर आम्ही काय सांगणार. ११ केव्हीच असेल म्हणा, सगळीकडे तोच असतो.

जुना_वायरमन: एवढं गणित करायची गरजच नाही. केव्हीएला १.४ ने गुण, सेकंडरी आला. मी तीस वर्षं हेच करतोय, कधी अडलं नाही.

भारनियमन: पॉवर फॅक्टर विसरला असणार. ०.८ ने भागायचं असतं, तेच राहिलं असेल.

मीटर_टेस्टिंग: थांबा, त्याच्या उत्तरातच सगळं आहे. ४६२ भागिले ९.०९ म्हणजे ५०.८, आणि २२००० भागिले ४३३ पण ५०.८ च. म्हणजे २२ केव्हीचा ट्रान्सफॉर्मर आहे, ११ चा नाही. आणि ९.०९ गुणिले २२ म्हणजे २००, तर २०० केव्हीएचा दिसतोय. बरोबर का रे? रेशो जुळतोय म्हणजे दोन्हीकडे एकच चूक झालीय, तू रूट तीन घेतलेलाच नाहीस, सिंगल फेजसारखं सरळ भागलंस.

नवशिका_इलेक्ट्रिशियन: हो सर!! २०० केव्हीए, २२ केव्ही बाय ४३३ व्होल्ट. सॉरी, लिहायचं राहिलं. रूट तीन कशाला पण? फेज तीन आहेत तर तीनने भागायला पाहिजे ना?

मीटर_टेस्टिंग: तीनने भागलंस तरी चालेल, पण मग व्होल्टेज फेज-न्यूट्रलचं घ्यावं लागेल, म्हणजे ४३३ नाही तर २५०. २००००० भागिले ३ भागिले २५०, आलं २६६.७. प्लेटवरचं ४३३ हे दोन फेजमधलं आहे म्हणून रूट तीन येतो, उत्तर तेच.
```
I = kVA / (√3 × kV)
सेकंडरी: 200 / (1.732 × 0.433) = 266.7 A
प्रायमरी: 200 / (1.732 × 22)    = 5.25 A
```
४३३ चं ०.४३३ करायला विसरू नकोस, नाहीतर पॉइंट सरकतो. शेवटी सेकंडरीला प्रायमरीने भागून बघ, ५०.८ आलं पाहिजे. पण रूट तीनची चूक यात सापडत नाही, तुझं तसंच झालंय.

भारनियमन: आणि पॉवर फॅक्टर?

मीटर_टेस्टिंग: केव्हीएवरून काढताना लागत नाही. लोड किलोवॅटमध्ये दिला असता तर लागला असता. १६० किलोवॅट, ०.८ पॉवर फॅक्टर म्हणजे २०० केव्हीए, आणि करंट पुन्हा २६६.७ च. आता परत ०.८ ने भागलंस तर ३३३ येईल, ते चूक.

जुना_वायरमन: माझ्या १.४ ने २८० येतो. लोडवर ४१५ च मिळतात, ४३३ कोण बघतो?

मीटर_टेस्टिंग: काका, ४१५ ने काढलं तर २७८ येतं, म्हणून तुमचं १.४ जमतं. केबलचा अंदाज घ्यायला ठीक आहे. पण वाइंडिंगला किती झेपतं ते प्लेटवरच्या ४३३ ने ठरतं, लोडवर व्होल्टेज उतरलं म्हणून वाइंडिंगला जास्त करंट झेपत नाही. १.३३ ने गुणा, बरोबर येईल.

जुना_वायरमन: बारा अँपिअरने काही जळत नाही.

बागायतदार: आमच्या डीपीचा फ्यूज रोज जातो, ६३ चा आहे, पाच एचपीच्या पंधरा मोटारी आहेत. कुणाला सांगायचं?

सचिन_पॅनेलवाला: दादा, ६३ चा फुल लोड ८४ अँपिअर, तुमची एक मोटार सात-साडेसात घेते, पंधरा चालल्या की शंभरच्या वर गेलं. लाइट आल्यावर सगळ्या एकदम सुरू होत असतील तर त्याहून वाईट. वेगळा धागा काढा, इथे विषय भरकटेल.

नवशिका_इलेक्ट्रिशियन: समजलं! प्लेटवर रंग मारलाय म्हणून करंटची ओळ दिसत नव्हती, खरवडून पाहिलं तर ५.२५ आणि २६६.७ च लिहिलंय. आता टाँग टेस्टर लावला तर आर २४०, वाय १८०, बी २८५. बेरीज भागिले तीन २३५ येते, म्हणजे २६६ च्या आत, सेफ ना?

मीटर_टेस्टिंग: नाही, सरासरी काढू नकोस. २६६.७ हा प्रत्येक फेजचा आकडा आहे, बी फेज त्याच्यावर सात टक्के चाललाय. किती वाजता मोजलंस, आणि बीवर कुठले सिंगल फेज लोड आहेत?

नवशिका_इलेक्ट्रिशियन: संध्याकाळी सात. लोडची यादी नाही कुणाकडे, उद्या फीडर-फीडर मोजून टाकतो.

जुना_वायरमन: आधी न्यूट्रल मोज.