मदत हवी आहे: स्टे असतानाही बेलिफनं वावराचा ताबा दिला

वऱ्हाडी_वावर: यवतमाळ जिल्हा. शुक्रवारी जिल्हा कोर्टातून स्टे आणला. तरी सोमवारी बेलिफ आला अन् चुलतभावाला ताबा देऊन गेला. पेपरात बातमी आहे, ‘ताबा घेण्यास न्यायालयाची मनाई’. कात्रण दाखवलं तर बेलिफ पाहेना. चुलतभावाला जेलात टाकता येईल का? कापूस फुटला आहे, वेचणीला बाया सांगून ठेवल्या आहेत. लवकर सांगा.

तूरवाला: आधी तलाठ्याकडे फेरफारावर हरकत घ्या. सात-बारावर त्याचं नाव चढलं की संपलं.

वऱ्हाडी_वावर: फेरफाराचं कोण विचारते भाऊ?

नाझरकाका: कात्रण बाजूला ठेवा. दावा कोण हरलं? अन् आदेशातली ओळ जशीच्या तशी लिहा.

वऱ्हाडी_वावर: तालुक्याच्या कोर्टात आम्ही हरलो. धुऱ्याकडचे वीस आर त्याला द्या म्हणाले. त्यावर अपील केलं. ओळ अशी: ‘अपिलाच्या निकालापर्यंत हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीस स्थगिती’. मनाई काय अन् स्थगिती काय, एकच ना?

नाझरकाका: नाही, अन् तुमचं सारं गाडं इथंच अडलं आहे. मनाईहुकूम माणसाला असतो: अमक्यानं वावरात शिरू नये. त्याला तो ठाऊक असून तो शिरला, तर मालमत्तेवर जप्ती अन् तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. तुमचा आदेश चुलतभावाला नाहीच. तो तालुक्याच्या कोर्टाला आहे, की दरखास्त पुढं चालवू नका. म्हणून तो त्या कोर्टाला कळला तेव्हापासून लागू. जिल्हा कोर्टानं सही केली तेव्हापासून नाही. सुप्रीम कोर्टानं १९६७ साली मुलराज विरुद्ध मूर्ती रघुनाथजी महाराज या निकालात हेच सांगितलं आहे. कळायच्या आधी ताबा दिला असेल तर तो बेकायदा ठरत नाही. कळल्यावर दिला असेल तर ती कारवाई रद्दबातल. आता सांगा, बेलिफ किती वाजता आला अन् नक्कल कोर्टात किती वाजता पोचली?

वऱ्हाडी_वावर: बेलिफ अकराला. नक्कल तीनला.

पांदण_पीडित: आमचं उलटं. तहसीलदारानं पांदण मोकळी करायचा आदेश दिला, शेजाऱ्यानं एसडीओकडून स्टे आणला. तीन पावसाळे बंडी दुसऱ्याच्या वावरातून नेतो. स्टे म्हणजे श्रीमंताचं औषध.

गावचा_वकील_नाही: अपील टाकलं की स्टे आपोआप लागतो. अन् सहा महिन्यांनी आपोआप उठतो. पांदणवाल्यांनी तेच सांगावं तिकडे.

कोर्टवारी: दोन्ही चूक. नुसत्या अपिलानं काहीच थांबत नाही, स्टे वेगळा मागावा लागतो. सहा महिन्यांचं २०१८ च्या निकालात होतं खरं, पण फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी ते फिरवलं.

गावचा_वकील_नाही: माझ्या साळ्याचा तर उठला होता.

कोर्टवारी: २०२४ च्या आधी उठला असेल.

नाझरकाका: वावरवाले, शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ काय केलं? नक्कल हाती नसली तरी अपील करणाऱ्यानं ‘स्टे झाला, मी स्वतः हजर होतो’ असं प्रतिज्ञापत्र दिलं, तर नक्कल येईपर्यंत खालच्या कोर्टाला ते मानावं लागते. कायद्यातच तशी सोय आहे.

वऱ्हाडी_वावर: हे कोणीच सांगितलं नाही. पण एक राहिलं. सोमवारी साडेदहाला वकिलाच्या जुनिअरनं क्लार्कजवळ पुरसीस दिली होती, ‘स्टे मिळाला आहे’ म्हणून.

नाझरकाका: अरे, हे पहिल्याच पोस्टमध्ये पाहिजे होतं! त्या पुरसीसवर आवक शिक्का अन् वेळ आहे का? साहेबांपुढं ठेवली होती का?

वऱ्हाडी_वावर: शिक्का आहे, वेळ नाही.

कोर्टवारी: क्लार्कला कळलं म्हणजे कोर्टाला कळलं का, यावरच भांडण होईल. शिवाय चुलतभावाचा वकील शुक्रवारी हजर असेल तर त्याला स्टे माहीत होता. माहीत असून बेलिफ नेला, हे जिल्हा न्यायाधीशांपुढं नक्की मांडा.

नाझरकाका: मांडा, पण त्यावर जेल होईल असं मी म्हणणार नाही. तुमची खरी मागणी ताबा परत मिळण्याची. स्टे आदेश अन् तो कोर्टाला कळणं, या मधल्या वेळात झालेलं कोर्ट आपल्या अंगभूत अधिकारात, कलम १५१ खाली, उलटवू शकते. मुलराजमध्ये तेही आहे. पुरसीस अन् पंचनाम्याची नक्कल जोडून तालुक्याच्या कोर्टात अर्ज टाका. पंचनाम्यात उभी पऱ्हाटी लिहिली आहे का पाहा.

वऱ्हाडी_वावर: तोवर वेचणी करू का?

नाझरकाका: स्वतःहून शिरू नका, कागदावर ताबा आज त्याचा आहे. त्याच अर्जात कापसाबद्दल हुकूम मागा.

तूरवाला: अन् फेरफाराची हरकत?

वऱ्हाडी_वावर: पंचनामा मिळाला. ‘स. ११ चे सुमारास’ एवढंच आहे. पिकाचा रकाना कोरा.