अनुभव धागा: सरकत्या झाकणाची डबी, ओपनस्कॅडमध्ये

लांबी-रुंदी बदलली तरी झाकण नीट चालतं, पण `wall` बदलला की बिनसतं, अशी तक्रार आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या बऱ्याच जणांकडून ऐकली. तुमच्याकडे काय झालं ते लिहा. मोघम नको, आकडे द्या.

अमळनेरकर: बियाण्याच्या नमुन्यांसाठी डबी केली, आतून रुंदी 50. `wall = 2` ला झाकण झकास सरकायचं. फिलामेंट वाचावं म्हणून 1.2 केलं, तर जरा दाबलं की झाकण एका बाजूने टपकन वर निघतं. झाकण आणि खाचेमधला गाळा 0.25 च आहे, तो बदललेलाच नाही.

तापीकाठ: भाऊ, खाच किती खोल आहे? `g = wall/2` लिहिलं असणार. मी खाच आणि झाकण एकाच आकृतीतून काढतो:

```
module zakan2d(w, t, g, c=0)
  offset(delta=-c)
    polygon([[-w/2-g,0], [w/2+g,0],
             [w/2,t], [-w/2,t]]);
```

खाचेला `c=0`, झाकणाला `c=0.25`. आता जाडी `t = 2` धरून तुमचा हिशोब बघा. भिंत 2 असताना खाच 1 मिमी, गाळा वजा जाता झाकणाची कड सुमारे 0.6 मिमी अडकते. भिंत 1.2 केली की खाच 0.6, आणि अडकते जेमतेम 0.26. बाजूचा गाळाही तेवढाच, म्हणजे झाकण एका अंगाला सरकलं की दुसऱ्या अंगाची पकड संपली. शिवाय खाचेमागे भिंत उरली 0.6, म्हणजे 0.4 च्या नोझलची धड दोन रेघासुद्धा नाही. ती वाकणारच. `g = 1` कायम ठेवा आणि फाइलच्या सुरुवातीला `assert(wall >= g + 0.8);` टाका.

भुसावळची_ताई: एवढं कशाला? मी झाकणाला `scale(0.98)` देते, मस्त बसतं.

तापीकाठ: ताई, झाकण लहान हवं हे बरोबर. पण 20 मिमी रुंदीला दर बाजूला 0.2 सुटतं आणि 150 ला दीड मिमी. मोठ्या डबीत ते खुळखुळेल.

नंदुरबारी: माझी सागवानी डबी पावसाळ्यात फुगते, झाकण हलत नाही. यावर काही?

अमळनेरकर: नाना, इथं प्लास्टिकचं चाललंय! रंधा मारा.

चोपडेकर: पीएलएची डबी मे महिन्यात स्कूटीच्या डिकीत ठेवू नका. झाकण धनुष्यासारखं वाकलं, मग कितीही गाळा द्या. आता पीईटीजी वापरतो.

भुसावळची_ताई: `offset` ने जाडीही कमी होते ना? 2 चं झाकण दीडच मिमी राहिलं.

तापीकाठ: हो, वरून-खालून दोन्हीकडे कापतं. म्हणून मी `t` 2.5 देतो. खाच मात्र 0.01 वर उचलून वजा करा, नाहीतर वरचा पृष्ठभाग डबीच्या काठाशी तंतोतंत जुळतो आणि प्रिव्ह्यूत चट्टेपट्टे दिसतात.

अमळनेरकर: `g = 1`, भिंत 1.8 करून छापली. निघत नाही. पण सरकायला आता किंचित जड आहे, आणि गाळा 0.3 करू की खाचेतली पहिली थर-रेघ घासू, ते ठरत नाहीये.