शब्दचर्चा: 'सीझन'ला पर्व म्हणावं का?

खारीबटर: 'अटॅक ऑन टायटन' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेवर मराठीत लिहितोय आणि 'भाग'पाशी अडलोय. एपिसोड म्हणजे भाग, आणि सीझन 3 चा पार्ट 2 म्हणजेही भागच. 'तिसऱ्या पर्वाच्या दुसऱ्या भागाचा नववा भाग' असं कोण वाचेल?

निशाचर: सोपंय की. बारा एपिसोड झाले की एक सीझन.

आडवाटे: बारा-तेरा एपिसोडांचा असतो तो 'कूर'. जपानी टीव्हीवर तीन महिने आठवड्याला एक एपिसोड लागतो, त्याचा हिशोब. सीझन एका कूरचा असतो किंवा जास्तीचा. याच मालिकेत पहिला सीझन (2013) 25 एपिसोडांचा, दुसरा (2017) 12, तिसरा 22. तिसऱ्यात मध्ये सुट्टी होती: 2018 मध्ये 12, उरलेले 10 थेट 2019 मध्ये. 'फायनल सीझन' तर डिसेंबर 2020 ला सुरू होऊन नोव्हेंबर 2023 ला संपला! 16, मग 12, मग दोन लांबलचक स्पेशल. कूरला मी 'हप्ता' म्हणेन.

मधली_आळी: आमच्याकडे भाचा हिंदीतलं डोरेमॉन बघतो. एकाच भागात दोन गोष्टी असतात. मग ते दोन भाग धरायचे का?

निशाचर: काकू, इथे सीझनचं चाललंय.

आडवाटे: प्रश्न रास्त आहे हो. इथेही शेवटचे स्पेशल दोन धरले तर एकूण 89, त्यांचे तुकडे पाडले की आकडा वाढतो. 'एकूण किती' विचारणाऱ्याला आधी विचारावं, मोजलं कुणी?

खारीबटर: मग सीझनला पर्व नक्की करू? बिग बॉसमुळे रुळलाय शब्द.

आडवाटे: माझा विरोध. महाभारतातली पर्वं कथेनुसार पडलीत, सुट्टीनुसार नाही. म्हणजे पर्व हा 'आर्क'ला, कथेच्या एका सलग टप्प्याला शोभतो. तिसऱ्या सीझनच्या पहिल्या हप्त्यात राजसत्तेविरुद्धचा उठाव, दुसऱ्यात नायकाच्या शिगनशिना गावी परतणं. सीझन एक, पर्वं दोन.

निशाचर: वाचक गोंधळतील. पर्व म्हटलं की लोकांना सीझनच कळतो. आर्कला 'कथापर्व' म्हणा.

खारीबटर: बरं, मालिकेच्या नावाचं काय? 'टायटनवर हल्ला' लिहू?

आडवाटे: अजिबात नको. मूळ नाव 'शिंगेकी नो क्योजिन'. शिंगेकी म्हणजे चाल करून जाणं, क्योजिन म्हणजे महाकाय. तेव्हा 'चाल करून जाणारा महाकाय'. तू म्हणतोस तो नववा भाग म्हणजे एकूण 58 वा, त्याचं जपानी नाव हुबेहूब मालिकेचंच आहे. तिथे कळतं की हे एका विशिष्ट टायटनचं नाव आहे. इंग्रजीत एपिसोड 'अटॅक टायटन' आणि मालिका 'अटॅक ऑन टायटन', त्यामुळे तो धक्का अर्धा वाया जातो.

मधली_आळी: म्हणजे 'चढाईखोर'?

आडवाटे: वा, काकू! पण त्यात महाकाय कुठे आला?

निशाचर: मी अजून दुसऱ्या सीझनवर आहे. रहस्य फोडताना आधी सांगत जा रे.